डोकेदुखीची नोंदवही

“डोकं सारखंच दुखतं” एवढ्यावरून डॉक्टरांच्या हाती फारसं लागत नाही. भेटीआधी महिनाभर नोंद ठेवली, तर चित्र स्पष्ट होतं. त्यासाठी भिंतीवरच्या कॅलेंडरची चौकटही पुरते.

एक नमुना पाहा: “मंगळवार. दुपारी 3 ला उजव्या कपाळात ठणका. मळमळ, उजेड नकोसा. स्वयंपाक सोडून झोपावं लागलं. 4 ला एक गोळी, 6 पर्यंत निम्मा आराम. रात्री 11 ला थांबलं. पाळीचा पहिला दिवस.” एका बाजूचा ठणका, मळमळ, उजेडाचा त्रास आणि कामात पडलेला खंड यांवरून डॉक्टरांना अर्धशिशीची शंका येते. नुसतं “खूप दुखलं” लिहिण्यापेक्षा कोणतं काम अडलं ते लिहा.

माझ्या मते सर्वांत मोलाची नोंद गोळ्यांची. नेमकी तीच राहून जाते. दुकानातून आणलेली साधी गोळीही नावासह लिहा. महिन्यात 15 किंवा जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेणं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखत राहू शकतं. मिश्र गोळ्यांसाठी ही मर्यादा 10 दिवसांची आहे. न दुखलेले दिवसही कोरे सोडू नका, तिथे फुली मारा. नाहीतर नोंद राहिली की दुखलंच नाही, हे कळत नाही.

मात्र अचानक, कधी नव्हे इतकं तीव्र दुखलं, बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळे पडले, तर वहीत लिहीत बसू नका. तडक रुग्णालय गाठा.