१८ रजा कमी कशा पडतात?

समजा, पुण्यातली चाळीसेक माणसांची एक सॉफ्टवेअर कंपनी आहे आणि जानेवारी २०२६ मध्ये तिथे नवी मंडळी रुजू झाली आहेत. पहिल्या आठवड्यात एचआरच्या मॅडम अर्धा तास रजांच्या नव्या नियमांवर बोलतात. कंपनीचा जुना नियम एका ओळीचा होता: वर्षाला १८ पगारी रजा, कारण कोणतेही असो, उरलेल्या ३१ डिसेंबरला रद्द. ऐकायला तो उदार वाटे. तरीही तो बदलावा लागला, कारण कायद्याने द्यायलाच हव्या अशा रजांपेक्षा तो कमी पडत होता.

महाराष्ट्रात दुकाने, कार्यालये आणि आयटी कंपन्यांना २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू होतो. त्याचे कलम १८ रजांचे वेगवेगळे कप्पे करते. पहिला कप्पा किरकोळ रजेचा, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या सीएलचा: वर्षाला ८ दिवस, दर तिमाहीला खात्यावर जमा, न वापरल्यास वर्षअखेर रद्द. दुसरा अर्जित रजेचा: केलेल्या दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस, पुढच्या वर्षी वापरायला. तिसरा कप्पा ८ पगारी सुट्ट्यांचा. त्यांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या असतात, बाकी चार सण मालक आणि कर्मचारी मिळून ठरवतात. या सुट्ट्या रजेतून वळत्या करता येत नाहीत.

आता बेरीज. पाच दिवसांच्या आठवड्यात वर्षाचे साधारण २६१ कामाचे दिवस येतात. त्यातून ८ सुट्ट्या आणि ८ किरकोळ रजा गेल्या की २४५ उरतात. वीसने भागले तर १२ अर्जित रजा. त्यात किरकोळ ८ मिळवल्या की २० होतात. जुन्या नियमातल्या १८ रजा इथेच दोनने कमी पडत होत्या.

याहून मोठा दोष त्या ३१ डिसेंबरमध्ये होता. वर्षअखेर रद्द होण्याची मुभा कायदा फक्त किरकोळ रजेला देतो. अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. सगळ्या रजा एकाच टोपलीत टाकल्या की रद्द होणारी कोणती आणि टिकणारी कोणती, हे कळेनासे होते, आणि नुकसान नेहमी अर्जित रजेचे होते. दिवाळीनंतर कामाच्या गर्दीत ज्यांना रजा घेताच येत नाही, त्यांची कमाई अशी गुपचूप पुसली जाते. हे अन्यायाचे आहे. म्हणून नव्या नियमात दोन स्वतंत्र खाती आहेत: किरकोळ ८ आणि अर्जित १५. या १५ पैकी वरच्या तीन कंपनीने आपल्या मर्जीने दिलेल्या आहेत आणि त्यांच्यासाठी ती आपल्या अटी घालू शकते. कायद्याने आलेल्या बारांना मात्र ती तसा हात लावू शकत नाही.

नव्यांचा नेहमीचा प्रश्न पात्रतेचा असतो. २०१७ च्या कायद्यात अर्जित रजेसाठी वर्षात २४० दिवस काम झालेले असावे लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हाच आकडा १८० आहे. फरक किती पडतो, ते १ एप्रिल २०२५ ला रुजू झालेल्या एका मुलीच्या हिशेबातून मॅडम दाखवतात. डिसेंबरअखेर तिच्या वाट्याला सोमवार ते शुक्रवार असे १९७ दिवस आले. सहा सुट्ट्या आणि तीन तिमाहींच्या सहा किरकोळ रजा वजा जाता १८५ राहिले. २४० ची अट लावली तर २०२६ साठी तिची अर्जित रजा शून्य. १८० ची लावली तर नऊ. नव्या नियमात कंपनीने दोन्हींपैकी कर्मचाऱ्याच्या फायद्याचा आकडा धरला आहे: पात्रतेला १८०, साठवणुकीला ४५. संहितेत साठवणुकीची मर्यादा ३० दिवसांची आहे.

आजारपणासाठी कलम १८ मध्ये वेगळी रजा नाही, हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. ज्यांचा पगार ईएसआयच्या २१,००० रुपयांच्या मर्यादेत आहे, त्यांना आजारपणाचा लाभ तिथून मिळतो. बाकीच्यांसाठी कंपनीने सहा दिवस ठेवले आहेत, तेही स्वतःहून. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा वेगळ्या कायद्याची आहे. अर्जित रजेच्या हिशेबात ते दिवस हजेरीचेच धरले जातात.

अर्ज नाकारला गेला तर काय, असे कोणीतरी विचारतेच. १५ दिवस आधी लेखी अर्ज करून ठेवावा, असे मॅडम बजावतात. तो नामंजूर झाला आणि साठा ४५ च्या वर गेला, तर वरच्या दिवसांचे पैसे मागण्याचा हक्क कर्मचाऱ्याला आहे. तोंडी मागितलेल्या रजेचा पुरावा मागे राहत नाही. शेवटी त्या सगळ्यांना पगारपत्रकावरच्या दोन ओळी दाखवतात, सीएल आणि ईएल. जानेवारीच्या पत्रकात ईएलपुढे मागच्या वर्षीची शिल्लक आली नसेल, तर त्याच महिन्यात ईमेल करायचा.