वारसाभाषा बोलण्यातील संकोच

घरात ऐकलेली भाषा पूर्ण समजते, परंतु ती बोलण्याची वेळ आली की शब्द अडतात व माणूस दुसऱ्या भाषेत उत्तर देतो, या स्थितीस ग्रहणक्षम द्विभाषिकता असे म्हणतात. स्थलांतरितांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत आणि ज्यांची भाषा शाळेतून हद्दपार झाली अशा समाजांत ती विशेष आढळते.

समजणे आणि बोलणे यांत फरक पडण्याचे एक कारण व्याकरणात आहे. परदेशी वाढलेल्या मराठी मुलास ‘चहा घेतला’, ‘कॉफी घेतली’, ‘दूध घेतले’ ही वाक्ये ऐकताना लिंग ठाऊक नसले तरी चालते. अर्थ नामावरून लागतो. बोलताना मात्र ला, ली, ले यांतील एकाची निवड तत्क्षणी करावी लागते. ती चुकली आणि घरातले हसले, की पुढच्या वेळी मूल गप्प राहते. हसणाऱ्यास ते कौतुक वाटते; मुलाला तसे वाटतेच असे नाही.

या संकोचावर पद्धतशीर काम झाले ते नॉर्वेतील सामी समाजात. तेथे 1898च्या शासकीय सूचनेने शाळेतील सामीचा वापर अपरिहार्य प्रसंगापुरता मर्यादित केला. पुढे अनेक पालकांनी मुलांशी नॉर्वेजियनच बोलणे पसंत केले, पण आपसांत ते सामी बोलत राहिले. मुलांच्या कानांवर भाषा पडली, जिभेवर रुळली नाही. अशा प्रौढांसाठी जेन युसो यांनी बोधनिष्ठ मानसोपचाराच्या आधारे एक पद्धत रचली. तिच्यावरील त्यांचे पुस्तक 2009 मध्ये प्रसिद्ध झाले.

या पद्धतीत शब्दपाठ नसतो. व्यक्ती बोलण्याचे प्रसंग सोप्यापासून कठीणापर्यंत क्रमाने लिहिते व प्रत्येकापुढे मनात येणारी भीती नोंदवते. समजा, पहिली पायरी दुकानदारास सामीत अभिवादन करण्याची आहे आणि भीती ‘तो माझ्या उच्चाराला हसेल’ अशी आहे. अभिवादन केल्यावर प्रत्यक्षात काय घडले ते त्याच नोंदीशेजारी लिहिले जाते. तीच पायरी अवघड वाटेनाशी झाली की पुढची घेतली जाते. आईवडिलांशी बोलणे पुष्कळदा यादीच्या तळाशी, म्हणजे सर्वांत कठीण ठरते, कारण त्या नात्याची भाषा आधीच ठरून गेलेली असते. समोरचा माणूस सौजन्याने नॉर्वेजियनकडे वळला तरी प्रयत्न तिथेच संपतो. म्हणून ‘मी अडखळलो तरी सामीतच बोला’ अशी विनंती आधी करून ठेवणे उपयुक्त ठरते.

अडथळा भीतीचा की शब्दांच्या अभावाचा, हे आधी पाहावे लागते. एकांतात, तान्ह्या मुलाशी किंवा कुत्र्याशी जो सहज बोलतो, त्याच्याजवळ शब्द असतात. ज्याला तेथेही वाक्य जुळवता येत नाही, त्यास पायऱ्यांच्या जोडीने भाषेचा सरावही लागतो. त्याला अगदी प्राथमिक वर्गात बसवणे मात्र बहुधा फसते: धडे त्याला आधीच समजत असतात, आणि तो तेथेही ऐकतच राहतो.