डावीकडे कोटी, उजवीकडे टक्के

कंपन्यांच्या निकालांच्या सादरीकरणात एक आलेख हमखास असतो. निळे स्तंभ म्हणजे उलाढाल, कोटी रुपयांत. त्यांच्यावरून जाणारी केशरी रेघ म्हणजे नफ्याचं मार्जिन, टक्क्यांत. रुपयांची मोजपट्टी डावीकडे, टक्क्यांची उजवीकडे. एकाच चौकटीत धंदा किती वाढला आणि त्यातून सुटलं किती, हे दोन्ही दिसतं म्हणून हा आलेख सगळ्यांना आवडतो. बँकेत कर्जाचा प्रस्ताव नेणारे लहान उद्योजकही आता तो काढतात, कारण एक्सेलमध्ये तो चार क्लिकमध्ये तयार होतो. ग्यानबाची मेख त्या चार क्लिकमध्येच आहे.

मसाले दळून पाकिटबंद विकणारा एक मध्यम कारखाना घेऊ. आकडे मी हिशेबाला सोपे पडावेत म्हणून बेतलेले आहेत. पाच वर्षांची उलाढाल अनुक्रमे ४०, ४४, ५०, ५७ आणि ६४ कोटी रुपये. निव्वळ नफ्याचं मार्जिन ११.२, ११, १०.८, १०.५ आणि १०.१ टक्के. हे एक्सेलला दिलं की डावी पट्टी शून्यापासून ७० कोटींपर्यंत जाते. उजवी मात्र शून्यापासून सुरू होत नाही. ती साधारण ९.४ पासून ११.४ पर्यंतच असते. परिणाम असा की स्तंभ डौलात चढत जातात आणि रेघ चौकटीच्या माथ्याजवळून निघून तळाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत कोसळते. तिसऱ्या वर्षी ती स्तंभाच्या डोक्याला टेकते आणि पुढे स्तंभांच्या आत शिरते.

बैठकीत बसलेल्या कुणाचीही नजर त्या टेकण्याच्या जागेवर जाते. ‘तिसऱ्या वर्षी नेमकं काय बिघडलं?’ हा प्रश्न मी स्वतः ऐकला आहे, आणि त्याला तयार उत्तर देणारेही पाहिले आहेत. कुणी नवीन यंत्राकडे बोट दाखवतं, कुणी वितरकांच्या कमिशनकडे. खरं तर तिथे काहीच घडलेलं नाही. ५० कोटी आणि १०.८ टक्के यांची भेट होऊ शकत नाही. किलो आणि मैल कधी एकमेकांना ओलांडतात का? उजवी पट्टी हाताने शून्य ते वीस करून बघा. तीच रेघ, तेच आकडे, पण छेद सरकून पहिल्या वर्षावर येतो. छेद कुठे पडेल हे धंदा ठरवत नाही, पट्टीची टोकं ठरवतात.

इथवरचं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पुढची गोष्ट मला जास्त धोक्याची वाटते.

आता सहावं वर्ष जोडू. उलाढाल ७० कोटी, मार्जिन थेट ९ टक्के. पाच वर्षांत मिळून जे १.१ अंकांनी घसरलं होतं, ते एकाच वर्षात तितकंच आणखी घसरलं. आकडा भरून एंटर मारला की रेघ आणखी कोसळायला हवी. होतं उलटंच. रेघ उचलली जाते आणि जवळपास आडवी होते.

कारण एक्सेलच्या एका साध्या नियमात आहे. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांतला फरक मोठ्या आकड्याच्या एक षष्ठांशापेक्षा कमी असेल, तर बारीक चढउतार दिसावेत म्हणून एक्सेल पट्टी शून्यापासून सुरू करत नाही. फरक त्याहून वाढला की पट्टी शून्यावर येते. ११.२ चा षष्ठांश साधारण १.८७. पाच वर्षांपर्यंत फरक १.१ होता, म्हणून पट्टी ९.४ पासून होती. सहाव्या वर्षी तो २.२ झाला आणि पट्टी मुकाट्याने शून्य ते बारा झाली. आधी १.१ अंकांच्या घसरणीने चौकटीची निम्म्याहून जास्त उंची व्यापली होती; आता त्याच्या दुप्पट घसरण पाचवा हिस्साही व्यापत नाही. शिवाय छेद तिसऱ्या वर्षावरून उडून पाचव्या आणि सहाव्या वर्षांच्या मध्ये गेला. गेल्या वर्षीचा आणि यंदाचा आलेख शेजारी ठेवला, तर ‘मार्जिन सावरलं’ असं वाटावं. कुणी खोटेपणा केलेला नाही, कुणी पट्टीला हातही लावलेला नाही. सादरीकरणात उजव्या पट्टीवरचे आकडे बऱ्याचदा जागा वाचवायला पुसून टाकलेले असतात, त्यामुळे बदल पकडायलाही काही उरत नाही.

आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो रुपयांतला नफा या आलेखात कुठेच नाही. तो काढायला स्तंभ आणि रेघ यांचा मनातल्या मनात गुणाकार करावा लागतो, आणि डोळ्यांना गुणाकार येत नाही. आपण कागदावर करू. पहिल्या वर्षी ४ कोटी ४८ लाख, पाचव्या वर्षी सुमारे ६ कोटी ४६ लाख. म्हणजे रेघ कोसळताना दिसत होती त्या सगळ्या काळात नफा दरवर्षी वाढतच होता. सहाव्या वर्षी तो ६ कोटी ३० लाखांवर आला. विक्री सहा कोटींनी वाढली आणि नफा सोळा लाखांनी घटला. मालकाने ज्या वर्षी खरोखर झोप उडवून घ्यायची, त्याच वर्षी आलेख शांत झाला.

मार्जिन खाली येणं म्हणजे दरवेळी दुखणंच असतं, असंही नाही. सराफाचं बघा. ६० हजारांच्या सोन्यावर तो ३ हजार कमावत असेल, तर ६३ हजारांच्या विक्रीवर मार्जिन पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. सोनं ९० हजारांवर गेलं आणि त्याची कमाई तीन हजारच राहिली, तर मार्जिन सव्वातीन टक्क्यांच्याही खाली. उलाढाल वर, मार्जिन खाली, आलेखात झकास कात्री. सराफाच्या गल्ल्यात मात्र तेवढेच तीन हजार. मार्जिनच्या छेदस्थानी उलाढालच बसलेली असते. त्यामुळे या दोन रेषा एकमेकींपासून सुट्या नाहीत, आणि एक दुसरीचं कारण आहे असं त्यांच्या आकारावरून म्हणता येत नाही.

मी स्वतः आता दोन आलेख काढतो, एकाखाली एक, वर्षं एकाच रेषेत. वर रुपये: उलाढालीचे स्तंभ, शून्यापासून, आणि खाली लिहिलेला नफ्याचा आकडा. खालच्या चौकटीत मार्जिनची रेघ, प्रत्येक ठिपक्यावर टक्के लिहिलेले. स्तंभाची लांबीच बोलते, म्हणून त्याला शून्य हवंच. रेघेला नसलं तरी चालतं, पण पट्टी दरवर्षी तीच हवी. त्यासाठी पट्टीवर राइट क्लिक करून `Format Axis` मध्ये जायचं आणि `Bounds` खाली `Minimum` व `Maximum` हे दोन्ही आकडे स्वतः भरायचे. भरले की एक्सेल ते परत बदलत नाही. साहेबांना एकच चौकट हवी असेल तर रेघ काढून टाका आणि मार्जिन प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर नुसतं लिहा. दिसायला फिकं दिसतं, पण कुणी छेद शोधत बसत नाही.

दुसऱ्याने काढलेला असा आलेख समोर आला, तर आधी उजव्या पट्टीचा तळ कुठे आहे ते विचारा. मग शेवटच्या दोन वर्षांची उलाढाल आणि मार्जिन यांचा मोबाइलवर गुणाकार करा. अर्धा मिनिट लागतो.