हप्ता फिटेपर्यंत कपडा टिकला पाहिजे

घरातला मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदा ऑफिसात कामाला लागते, तो दिवस आपल्या वस्तीत साऱ्या चाळीचा असतो. विहारात पेढे वाटले जातात, नात्यातली माणसे येऊन भेटतात. पण त्याच रात्री आई-वडिलांना एक प्रश्न पडतो, तो म्हणजे पोराने सोमवारपासून अंगावर घालायचे काय? पहिला पगार हातात पडायला महिना-सव्वा महिना लागतो आणि कपडे तर पहिल्याच दिवशी लागतात. म्हणजे पहिल्या नोकरीचे कपडे बहुतेक घरांत उसनवारीवर येतात.

आमच्या शेजारच्या घरात हे दोनदा घडले. आई घरकाम करते, वडील गोदामात हमाली करतात. थोरल्याला २०२२ मध्ये एका खाजगी ऑफिसात नोकरी लागली. आईने बचत गटातून ५,००० रुपये उचलले, दरमहा ५०० रुपयांचे दहा हप्ते आणि वर व्याज. मुलाने एका सेलमधून ३५० रुपयांचे चार शर्ट आणि ५०० रुपयांच्या तीन पँट घेतल्या. १,५०० रुपयांचा एक कोट घेतला आणि ६०० रुपयांचे बूट. पिशव्या भरून घरी आल्या तेव्हा आईलाही बरे वाटले.

तिसऱ्या महिन्यात शर्टांच्या कॉलरवर फोड आल्यासारखे फुगे दिसू लागले. चौथ्या महिन्यात बुटाचा तळ सुटला. पाचव्या महिन्यात ऑफिसात खाली वाकताना पँट आसनावर उसवली, उसवली कसली, फाटलीच. पाठीमागे बॅग धरून तो लोकलने उभ्या-उभ्या घरी आला. दुसऱ्या दिवशी लाजेने गेला नाही, त्या दिवसाचा पगार कापला गेला. कोट तर मुलाखतीनंतर खुंटीवरून उतरलाच नव्हता. आणि गटाचे पाच हप्ते अजून बाकी होते.

धाकट्याला जून २०२४ मध्ये नोकरी लागली, तेव्हा आईने एकच अट घातली. ‘हप्ता फिटायच्या आधी कपडा फाटता कामा नये.’ ती मुलाला घेऊन वस्तीतल्या टेलरकाकांकडे गेली. काकांची तीस वर्षे मशीनवर गेली आहेत. त्यांनी जे सांगितले ते सर्वांच्या उपयोगाचे आहे, म्हणून इथे देत आहे.

काकांनी आधी कपड्याची गोष्टच काढली नाही. म्हणाले, ‘ऑफिस सुटायच्या वेळी फाटकापाशी अर्धा तास उभा राहा आणि तुझ्या वयाची मुले काय घालून बाहेर पडतात ते बघून ये.’ कुठे गणवेश मिळतो, कुठे जीन्स चालते, कुठे शर्ट पँटमध्ये खोचलेलाच लागतो. गणवेश मिळणार असेल तर खर्च निम्म्यावर येतो. मुलाने पाहिले. साधे शर्ट, गडद पँट, काळे बूट. कोट कोणाच्याच अंगात नव्हता.

कोटाविषयी थोडे बोलले पाहिजे. बाबासाहेबांचा सूट-टाय आपल्या डोळ्यांसमोर असतो आणि आपल्या पोरानेही कोट घालावा असे कोणत्या आईला वाटत नाही? पण डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांपुढे बोलताना बाबासाहेबांनी भारी वस्त्रांचा आग्रह धरला नव्हता. ज्या राहणीवरून माणूस अस्पृश्य म्हणून ओळखला जातो ती टाका, स्वच्छ राहा, हे त्यांचे सांगणे होते. कोट आज ना उद्या होईलच. तो पहिल्या कर्जातून मात्र नको.

काकांचा हिशेब दोन पँट आणि तीन शर्ट असा होता. रंग असे निवडायचे की प्रत्येक शर्ट दोन्ही पँटवर गेला पाहिजे. तीन दुणे सहा, म्हणजे सोमवार ते शनिवार सहा दिवस सहा जोड. पँट एक गडद राखाडी आणि एक नेव्ही ब्लू. शर्ट एक फिका निळा, एक पांढऱ्यावर बारीक निळ्या रेघांचा आणि एक फिका राखाडी. कोरा पांढरा शर्ट त्यांनी यादीत घेतला नाही. लोकलच्या घामाने त्याची कॉलर आणि काखा लवकर पिवळ्या पडतात. शिवाय बुद्धपौर्णिमेला विहारात घालायचा पांढरा शर्ट आपल्या घरात असतोच. साहेबांबरोबर बैठक असेल त्या दिवशी तोच चौथा शर्ट म्हणून घालायचा.

आता कापड. पँटसाठी टेरीव्हिस्कोस घ्यावे, म्हणजे पॉलिएस्टर आणि व्हिस्कोसचे मिश्रण. निव्वळ सुती पँट गुडघ्यावर फुगते, रंग सोडते आणि पावसाळ्यात रात्रीतून वाळत नाही. दोनच पँट असताना ती सकाळी ओली निघाली तर सगळे गणितच कोलमडते. शर्टाला मात्र सुताचा भाग जास्त हवा. निव्वळ पॉलिएस्टरचा शर्ट घाम शोषत नाही आणि धुतला तरी त्याचा वास पुरता जात नाही. दुकानात कापडाचे टोक मुठीत दहा आकडे मोजेपर्यंत घट्ट दाबून सोडावे. कागदासारख्या सुरकुत्या तशाच राहिल्या तर त्या कापडाला रोज इस्त्री लागणार. ओल्या पांढऱ्या रुमालाने कापड घासून पाहावे, रुमालाला रंग लागला तर ते ठेवून द्यावे. उजेडाकडे धरल्यावर विण कुठे दाट, कुठे विरळ दिसली तर तेही नको.

५८ इंच पन्ह्याच्या कापडात मध्यम बांध्याच्या मुलाची पँट १.३० मीटरमध्ये आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट १.६० मीटरमध्ये बसतो. पन्हा ३६ इंच असेल तर शर्टाला अडीच मीटरपर्यंत कापड लागते. म्हणून मीटरचा भाव स्वस्त दिसला तरी आधी पन्हा विचारावा. कापड घरी आणून रात्रभर पाण्यात भिजवायचे, वाळवून इस्त्री करायची आणि मगच टेलरकडे द्यायचे. जे आटायचे ते शिवण्याआधी आटू द्यावे.

थोरल्याची पँट का फाटली, तेही काकांनी दाखवले. त्यांनी ती उलटी केली. आसनाच्या शिवणीत आत जेमतेम पाव इंच कापड होते आणि टाके लांब-लांब. वाकले की सारा ताण त्याच शिवणीवर येतो. काकांनी धाकट्याच्या पँटला मागच्या शिवणीत दीड इंच कापड आत सोडले आणि आसनाला दुहेरी टीप घातली. मांड्या जिथे घासतात तिथे आतून त्याच कापडाचा तुकडा लावला. खाली पायाशी दोन इंच दुमड ठेवली. पोरगा अंगाने भरला तर पँट सैल करता येते, टाचेशी काठ विरला तर दुमड थोडी वर घेऊन पुन्हा शिवता येते. तयार पँट घेणाऱ्यांनीही ती दुकानातच उलटी करून हे पाहावे. इंचात दहा-बारा टाके असले तर शिलाई चांगली, सहा-सात असले तर ती पँट आसनावर जाणारच.

स्वस्त शर्टाच्या कॉलरला फुगे येतात, कारण आतले बुकरम हलक्या डिंकाने चिकटवलेले असते. गरम पाणी आणि कडक इस्त्रीने डिंक सुटतो आणि वरचे कापड वेगळे होते. तो शर्ट मग दुरुस्त होत नाही. चांगली शिवलेली कॉलर फुगत नाही, ती मानेच्या घडीवर विरते. तशी विरली की टेलर ती उसवून उलटी बसवतो आणि विरलेली बाजू आत जाते. एवढ्यावर शर्टाचे आयुष्य बरेच वाढते. म्हणून उरलेल्या कापडाचे तुकडे टेलरकडून मागून घ्यावेत आणि जपून ठेवावेत.

खर्च असा झाला. पँटचे कापड ३५० रुपये मीटरने दोन पँटचे ९१० आणि शिलाई ९००. शर्टाचे कापड २५० रुपये मीटरने तीन शर्टांचे १,२०० आणि शिलाई ९००. काळे बूट १,१००, काळा पट्टा २५०, मोज्यांचे तीन जोड १५०. एकूण ५,४१० रुपये. आईने गटातून ६,००० उचलले होते, म्हणजे ६०० रुपयांचे दहा हप्ते. उरलेले ५९० रुपये तिने पहिल्या महिन्याच्या इस्त्रीला आणि दुरुस्तीला राखून ठेवले. प्रत्येक गावात भाव वेगळे असतील, पण खर्चाचे प्रमाण साधारण असेच राहील. बुटांवर शर्टापेक्षा जास्त खर्च करावा आणि तळ नुसता चिकटवलेला नसून कडेने शिवलेला आहे ना, हे पाहावे.

थोड्या कपड्यांची एक अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. त्यांना शिस्त लागते. तीन शर्टांत सहा दिवस काढायचे तर बुधवारी रात्री दोन शर्ट धुवावेच लागतात, रविवारवर ढकलता येत नाहीत. पँट एक दिवसाआड घालायची, लागोपाठ दोन दिवस नाही. कॉलरला ब्रशने घासू नये, ओल्या कॉलरवर साबण लावून हाताने चोळावे. पावसाळ्यात बूट पिशवीत न्यावेत, वाटेत रबरी चप्पल घालावी आणि ऑफिसात पोचून बदलावे. हे काम आईवर पडता कामा नये. धाकटा आपले शर्ट स्वतः धुतो.

मुलींसाठीही हाच हिशेब लागू पडतो. एक काळी आणि एक नेव्ही ब्लू अशा दोन सलवारी किंवा पँट, आणि दोन्हींवर जातील असे तीन सुती कुर्ते. कुर्ता अस्तराशिवाय अंगातून दिसत नाही ना, हे उजेडात पाहून घ्यावे, नाहीतर अस्तराचा खर्च वेगळा पडतो. काखेजवळच्या शिवणीत एक इंच कापड आत सोडायला सांगावे, कुर्ता पहिल्यांदा तिथेच उसवतो.

पहिला पगार झाल्यावर धाकट्याने फक्त एक शर्ट वाढवला. तिसरी पँट दिवाळीच्या महिन्यात घेतली, तीही रोख. दहावा हप्ता फिटला तेव्हा दोन्ही जुन्या पँट वापरात होत्या. एकीचा काठ वर घेऊन शिवलेला, एका शर्टाची कॉलर उलटलेली, पण ऑफिसात ते कोणाच्या लक्षातही आले नाही. थोरल्याने आता स्वतःच्या पैशाने काकांकडे दोन पँट शिवायला टाकल्या आहेत. मापे देताना तो काकांना म्हणाला, ‘मागे दीड इंच सोडा.’