शेवटच्या सेकंदाचा हिशेब
(वाहनातील स्वयंचलित निर्णय : लेखांक ६)

मागील लेखांकात रडार आणि कॅमेरा यांच्या साहाय्याने वाहनाला समोरच्या वस्तूचे अंतर व वेग कसे कळतात, हे पाहिले. या माहितीवरून ब्रेक केव्हा लावायचा, हा प्रश्न वरकरणी सोपा वाटला तरी स्वयंचलित आपत्कालीन ब्रेक यंत्रणेतील सर्वांत अवघड भाग तोच आहे. धडक होणार आहे की नाही एवढे ठरवून यंत्रणेचे भागत नाही. धडक टाळणे चालकाच्या हाती अजून उरले आहे की नाही, हे तिला ठरवावे लागते.

देवास आणि इंदूर यांच्या दरम्यानच्या आग्रा-मुंबई महामार्गावर सोयाबीनच्या हंगामात नेहमी दिसणारी स्थिती उदाहरणादाखल घेता येईल. एक मोटार ताशी ७२ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जात आहे आणि तिच्याच मार्गिकेत पुढे पोत्यांनी भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली ताशी १८ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने चालली आहे. दोन्ही वाहनांच्या वेगांतील फरकाला सापेक्ष वेग म्हणतात आणि तो येथे सेकंदाला १५ मीटर आहे. मधले अंतर ६० मीटर असेल तर त्याला १५ ने भागून ४ सेकंद हा आकडा मिळतो. वेग आहेत तसेच राहिले तर धडकेला एवढा अवकाश आहे, असा त्याचा अर्थ असून यंत्रणेचे पहिले मोजमाप म्हणजे हाच ‘धडकेपर्यंतचा काळ’ होय.

दुसरे मोजमाप आवश्यक अवमंदनाचे असते. अवमंदन म्हणजे वेग कमी होण्याचा दर; सापेक्ष वेगाच्या वर्गाला अंतराच्या दुपटीने भागले की तो मिळतो. ६० मीटरवर तो १.९ येतो, म्हणजे दर सेकंदाला वेग १.९ मीटरने कमी केला तरी पुरेसे असते आणि एवढा ब्रेक कोणताही चालक सहज लावतो. ३० मीटरवर हा आकडा ३.७५ होतो, जो प्रवाशांना पुढे झुकवणारा पण अजून आवाक्यातला आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या टायरांची मोटार साधारण ८ पर्यंत जाऊ शकते, त्यामुळे १४ मीटर ही ब्रेकची शेवटची हद्द ठरते. परंतु आज्ञा मिळाल्यापासून चाकांवर पूर्ण दाब येईपर्यंत सुमारे ०.३ सेकंद जातो, असे धरले तर तेवढ्यात आणखी साडेचार मीटर अंतर संपते. म्हणून धडक पूर्णपणे टाळायची असेल तर निर्णय साडेअठरा मीटरवर, म्हणजे धडकेच्या १.२४ सेकंद आधी व्हायला हवा. (हा विलंब कमी करण्यासाठीच अनेक वाहनांत इशारा वाजतानाच ब्रेकच्या नळ्यांत थोडा दाब भरून ठेवला जातो.)

अडचण येथेच सुरू होते. ट्रॉलीच्या मागून येणारे बहुतेक चालक ब्रेक न लावता बाजूने काढून घेतात. त्यासाठी मोटारीला आडवे सुमारे २ मीटर सरकावे लागते आणि जोरात वळवल्यास हे काम ०.९ सेकंदात होऊ शकते. म्हणजे धडकेला १.२४ सेकंद उरलेले असताना यंत्रणेने पूर्ण ब्रेक लावला आणि चालक त्याच क्षणी ओव्हरटेक करण्याच्या बेतात असला, तर तो ब्रेक अनावश्यक ठरतो. एवढेच नव्हे, तर मागून ट्रक येत असेल तर घातकही ठरतो. यंत्रणा ०.९ सेकंद उरेपर्यंत थांबली, तर चालकाला आता काहीच करता येणार नाही याची खात्री होते, मात्र तोवर अंतर साडेतेरा मीटरच उरलेले असते. त्यातील साडेचार मीटर विलंबात जातात, उरलेल्या ९ मीटरांत सापेक्ष वेग ताशी ५४ वरून ३२ किलोमीटरवर येतो आणि धडक होतेच, फक्त तिची ऊर्जा मूळच्या साधारण ३६ टक्के राहते.

शहरी वेगात मात्र गणित उलटते. सापेक्ष वेग ताशी १८ किलोमीटर असेल तर विलंबासह ब्रेकची हद्द ०.६ सेकंदावर येते, वळवून निसटण्याची हद्द मात्र ०.९ सेकंदावरच राहते. त्यामुळे चालकाचे सर्व उपाय संपल्यानंतर ब्रेक लावूनही वाहन धडकेपूर्वी उभे राहते. कमी वेगात ही यंत्रणा धडक टाळते आणि जास्त वेगात ती बहुधा केवळ सौम्य करते, या अनुभवामागे हा साधा छेद आहे. जाहिरातींत तो सहसा सांगितला जात नाही. मधल्या पट्ट्यात यंत्रणा आवाजी इशारा, हलका ब्रेक आणि मग पूर्ण ब्रेक अशा पायऱ्यांनी पुढे सरकते. चालकाने स्टिअरिंग झपाट्याने फिरवले किंवा अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तर तो सावध आहे असे समजून ती माघार घेते.

हा सारा हिशेब समोरची वस्तू खरी असल्याच्या गृहीतावर चालतो. रडारला धातूचा प्रत्येक पृष्ठभाग प्रतिध्वनी देतो, मग तो पुलाचा गर्डर असो, दिशादर्शक फलक असो किंवा रस्त्यावरील लोखंडी झाकण असो. चालत्या वस्तूचा वेग जमिनीपेक्षा वेगळा असल्याने ती सहज निवडता येते, परंतु उभी वस्तू या गर्दीत मिसळून जाते. म्हणून उभ्या अडथळ्यासाठी अनेक यंत्रणा कॅमेऱ्याची साक्ष मागतात आणि दोघांचे सलग काही नोंदींत एकमत झाल्याशिवाय पूर्ण ब्रेक लावत नाहीत. रात्री परावर्तक पट्टीविना उभी असलेली, मागे कडब्याचा भारा बाहेर आलेली ट्रॉली या दोन्ही साक्षीदारांना चकवू शकते : कडब्यावरून रडारचा प्रतिध्वनी क्षीण येतो आणि कॅमेऱ्याला तो आकार वाहनासारखा वाटत नाही.

याच्या उलट चूक, म्हणजे विनाकारण ब्रेक, तपासण्यासाठी अवजड वाहनांच्या संयुक्त राष्ट्रांच्या १३१ क्रमांकाच्या मूळ नियमात एक खास चाचणी आहे. दोन मोटारी एकाच दिशेला तोंड करून, मध्ये साडेचार मीटर जागा ठेवून उभ्या केल्या जातात आणि चाचणीचा ट्रक ताशी ५० किलोमीटर वेगाने नेमका त्यांच्या मधून जातो; इशारा वाजला किंवा ब्रेक लागला तर तो नापास होतो. मार्ग मोकळा आहे हे कळण्यासाठी यंत्रणेला स्टिअरिंगचा कोन व वाहनाच्या फिरण्याचा दर यांवरून ट्रकची पुढची वाट आखावी लागते आणि दोन्ही मोटारी त्या वाटेबाहेर आहेत, हे सेंटिमीटरांच्या हिशेबाने ठरवावे लागते. अशा प्रयोगांना लांब, सपाट आणि वाहतुकीपासून अलग केलेला रस्ता लागतो. धार जिल्ह्यातील पिथमपूर येथील नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रात तसे पट्टे असून तेथील ११.३ किलोमीटर लांबीच्या अतिवेग मार्गाचे उद्घाटन जून २०२१ मध्ये झाले.

त्याच जिल्ह्यात राऊ-खलघाट टप्प्यावरील गणपती घाट मात्र सपाट पट्ट्यावर न दिसणारी मर्यादा दाखवतो. हा उतार ब्रेक निकामी होऊन झालेल्या ट्रकांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. शंभर मीटरला सहा मीटर उतार धरला तर गुरुत्वाकर्षणच अवमंदनातून सुमारे ०.६ खाऊन टाकते. त्यातच चालकाने खालच्या गिअरऐवजी सतत ब्रेकवर भिस्त ठेवली असेल तर ड्रम तापून घर्षण घटते. यंत्रणा अचूक क्षणी पूर्ण दाबाची आज्ञा देते, दाबही येतो, पण चाकांच्या वेगमापकांत अपेक्षित घट दिसत नाही. मागितलेले आणि मिळालेले अवमंदन यांतील हा फरक तिला मोजता येतो, परंतु तो मोजून होईपर्यंत निर्णयासाठी राखलेला सेकंद खर्च झालेला असतो.