पेनिसिलीन नेमकं कुठे बसतं?

१९५६ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात जोशुआ लेडरबर्ग यांनी ई. कोलाय हा काठीच्या आकाराचा जंतू दाट साखरेच्या द्रावणात वाढवला आणि त्यात पेनिसिलीन घातलं. एरवी पेनिसिलीन पडलं की वाढीला लागलेले हे जंतू थोड्याच वेळात फुटून मरतात. इथे ते मेले नाहीत. काठीचा आकार सुटून त्यांचे गोळे झाले आणि ते गोळे जिवंत राहिले. पेनिसिलीन काढून टाकल्यावर ते पुन्हा काठीच्या आकारात येऊन वाढू लागले. तेच गोळे साध्या, पातळ द्रवात सोडले तेव्हा मात्र पटापट फुटले.

जंतूच्या पेशीत क्षार, साखरा, अमिनो आम्लं खच्चून भरलेली असतात. बाहेरचं पाणी सतत आत शिरू पाहतं आणि आतला दाब वाढत राहतो. गळू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूत हा दाब वीसेक वातावरणांइतका असल्याचा अंदाज आहे. पेशीचं पातळ पटल एवढा दाब पेलूच शकत नाही. तो पेलते पटलाबाहेरची भिंत. लेडरबर्गच्या साखरपाण्यात आतला आणि बाहेरचा दाब जवळपास सारखा झाला होता, म्हणून भिंत गेली तरी जंतू तगला. पेनिसिलीनमुळे भिंत जाते एवढं या प्रयोगातून दिसलं. पण ती कशी जाते, हे कळायला आणखी नऊ वर्षं लागली.

पुढे आपण स्टॅफिलोकॉकसचाच माग काढू, कारण पेनिसिलीनशी त्याचं वैर सगळ्यात जुनं आहे आणि आजही ते रुग्णालयात रोज दिसतं.

त्याची भिंत पेप्टिडोग्लायकन या पदार्थाची असते. दोन प्रकारच्या साखरा आलटून पालटून जोडलेल्या लांब साखळ्या, आणि त्यातल्या एका प्रकारच्या प्रत्येक साखरेला लोंबणारी अमिनो आम्लांची एक छोटी शेपटी, अशी तिची रचना. शेजारशेजारच्या साखळ्यांच्या शेपट्या एकमेकींना आडव्या जोडल्या जातात तेव्हा कुठे सगळ्या पेशीभोवती एकसंध जाळं तयार होतं. बाज विणताना नुसते उभे दोर ताणले आणि आडवी वीण घातली नाही, तर त्या बाजेवर कुणी बसू शकणार नाही. इथेही सगळी ताकद आडव्या जोडांत आहे.

या भिंतीचे सुटे भाग पेशीच्या आत तयार होतात. दोन साखरा आणि एक शेपटी असा एकेक तुकडा स्निग्ध स्वरूपाच्या एका वाहक रेणूवर चढतो, पटल ओलांडून बाहेर येतो आणि वाढत्या साखळीच्या टोकाला जोडला जातो. राहतो तो आडवा जोड. तो पटलाबाहेरच घालायचा असतो आणि खरी अडचण इथेच आहे. कुठलाही रासायनिक जोड करायला ऊर्जा लागते. पेशीच्या आत ती एटीपीकडून मिळते, पण पटलाबाहेर एटीपी नसतं.

जंतूंनी यावर काढलेली तोड मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. शेपटी आतमध्ये बनते तेव्हाच तिला एक अमिनो आम्ल जास्तीचं लावून दिलेलं असतं. नव्या शेपटीत पाच अमिनो आम्लं असतात आणि शेवटची दोन्ही डी-अ‍ॅलॅनीन असतात. आपल्या शरीरातली प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांची ही आरशातली प्रतिमा. बाहेर आल्यावर एक एन्झाइम या दोन डी-अ‍ॅलॅनीनमधला बंध तोडतं. पाचवं निसटून जातं आणि चौथं काही क्षण त्या एन्झाइमलाच, त्याच्या सेरीन नावाच्या एका घटकाला, चिकटून राहतं. तेवढ्यात शेजारच्या शेपटीचा मोकळा हात तिथे पोहोचतो. स्टॅफिलोकॉकसमध्ये हा हात पाच ग्लायसिनांचा असतो. तो चौथं अ‍ॅलॅनीन एन्झाइमकडून स्वतःकडे घेतो. आडवा जोड पडतो आणि एन्झाइम पुढच्या जोडासाठी मोकळं होतं. तुटलेल्या बंधाची ऊर्जा नव्या बंधात जाते. पाचवं डी-अ‍ॅलॅनीन भिंतीत राहतच नाही. ते या एका जोडाची आगाऊ भरलेली किंमत असते.

पेनिसिलीन येतं ते नेमकं या क्षणी. १९४५ साली डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची रचना उलगडली, तेव्हा त्यात चार अणूंचं एक ताणलेलं कडं दिसलं. तेच बीटा-लॅक्टम. एवढ्या लहान कड्यात अणूंमधले बंध अवघडून बसतात आणि संधी मिळताच तुटायला तयार असतात. १९६५ साली डोनाल्ड टिपर आणि जॅक स्ट्रॉमिंजर यांनी दाखवून दिलं, की पेनिसिलीनची घडण डी-अ‍ॅलॅनीनच्या त्या जोडीशी मिळतीजुळती आहे आणि त्यातला तुटका बंधही अगदी त्याच जागी येतो. एन्झाइम त्यालाच शेपटीचं टोक समजतं आणि सेरीन त्या कड्यावर चालून जातो. कडं उघडतं आणि पेनिसिलीन सेरीनला चिकटतं. इथवर सगळं नेहमीसारखं होतं.

फरक पडतो तो पुढे. खऱ्या शेपटीतलं पाचवं अ‍ॅलॅनीन तुटलं की निघून जातं आणि जागा मोकळी होते. पेनिसिलीनचं कडं उघडलं तरी त्याचा दुसरा भाग रेणूला जोडलेलाच राहतो, जागेवरून हलत नाही. शेजारच्या शेपटीचा हात आत शिरू शकत नाही आणि बंध तोडणारं पाणीही नीट पोहोचत नाही. हे चिकटणं तासन्‌तास टिकतं, तर स्टॅफिलोकॉकसला दुप्पट व्हायला अर्धा तासही पुरतो. म्हणजे जंतूच्या हिशेबाने ते एन्झाइम कायमचं बाद झालं. किरणोत्सर्गी पेनिसिलीन जंतूंना दिलं की ते ज्या प्रथिनांना चिकटतं ती वेगळी काढून पाहता येतात. या एन्झाइमांना पेनिसिलीन-बंधक प्रथिनं म्हणतात ते त्यामुळेच. स्टॅफिलोकॉकसमध्ये ती मुळात चार आहेत, तर ई. कोलायमध्ये डझनभर. १९७५ साली ब्रायन स्प्रॅट यांनी ई. कोलायच्या प्रथिनांची कामं वेगवेगळी करून दाखवली. एक बंद पडलं की काठीचा गोळा होतो, दुसरं बंद पडलं की पेशी दुभंगतच नाही आणि लांबच लांब दोरा होतो.

जोड थांबले तरी जुनी भिंत तशीच असते, मग जंतू मरतो का? वाढणाऱ्या पेशीला जुनी भिंत जागोजागी कापून नवा तुकडा बसवावा लागतो आणि कापणारी एन्झाइमंही तिच्याकडे असतात. पेनिसिलीन त्यांना हात लावत नाही. शिवाय ई. कोलायमध्ये २०१४ साली असं दिसलं, की साखळ्या बनत राहतात, जोडल्या जात नाहीत आणि लगेच कापल्या जातात. पेशीचा कच्चा माल असा वायाच जातो. म्हणून पेनिसिलीन वाढत्या जंतूलाच मारतं. जो स्वस्थ पडून आहे, तो बचावतो. याचा एक दुःखद पुरावा १९५१ साली मिळाला. न्यूमोकॉकसमुळे मेंदूच्या आवरणाला सूज आलेल्या रुग्णांत पेनिसिलीनच्या जोडीला जंतूंची वाढ रोखणारं ऑरिओमायसिन दिलं, तेव्हा नुसत्या पेनिसिलीनपेक्षा जास्त माणसं दगावली. वाढच थांबलेल्या जंतूंवर पेनिसिलीन निकामी ठरलं होतं.

स्टॅफिलोकॉकसने पेनिसिलीनवर पहिला तोडगा काढला तो पेनिसिलिनेजचा. हे एन्झाइम पेनिसिलीनचं कडं लक्ष्यापर्यंत पोहोचण्याआधीच पाण्याच्या मदतीने फोडून टाकतं. त्याला दाद न देणारं मेथिसिलीन १९५९ साली तयार झालं. दोनच वर्षांत ब्रिटनमध्ये त्यालाही न जुमानणारे जंतू सापडले. त्यांना आज आपण एमआरएसए म्हणतो. या जंतूंची युक्ती वेगळी आहे. ते औषध फोडत बसत नाहीत. त्यांच्याकडे मेक-ए नावाचं एक परकं जनुक आलेलं असतं आणि त्यापासून पाचवं पेनिसिलीन-बंधक प्रथिन तयार होतं: पीबीपी-२ए. याचा सेरीन एका अरुंद, मिटलेल्या खाचेत आत दडलेला असतो. बहुतेक बीटा-लॅक्टम औषधं त्याच्यापर्यंत इतक्या सावकाश पोहोचतात, की रुग्णाला देता येण्याजोग्या मात्रेत काही उपयोग होत नाही.

यात एक बारकावा आहे. औषधाच्या माऱ्यात जंतूची मूळची चारही प्रथिनं बंद पडतात आणि आडवे जोड एकटं पीबीपी-२ए घालतं. पण साखळी लांबवण्याचं काम त्याला येत नाही. ते काम जंतूचं स्वतःचं पीबीपी-२ करतं, कारण त्याचे दोन भाग असतात आणि पेनिसिलीन त्यातला फक्त जोड घालणारा भाग बंद करतं. अर्धं निकामी झालेलं जुनं प्रथिन आणि परकं नवं प्रथिन मिळून भिंत उभी ठेवतात.

प्रयोगशाळेत हे ओळखायची रीत साधी आहे. जंतू अगारच्या थाळीवर पसरायचा, वर ३० मायक्रोग्रॅम सेफॉक्सिटिनची चकती ठेवायची आणि थाळी ३३ ते ३५ अंशांवर १६ ते १८ तास ठेवायची. चकतीभोवतीच्या मोकळ्या वर्तुळाचा व्यास २२ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर मेक-ए नाही; २१ किंवा कमी असेल तर तो जंतू एमआरएसए धरायचा. तापमान ३५च्या वर गेलं तर खरा एमआरएसए नजरेतून सुटू शकतो. सेफॉक्सिटिन रुग्णाला द्यायचं नसतं. ते मेक-ए जनुकाला चांगलं चेतवतं, म्हणून चाचणीला बरं पडतं.

तेव्हा अहवालात स्टॅफिलोकॉकस ऑरियससमोर सेफॉक्सिटिन रेझिस्टंट लिहिलं असेल, तर अमॉक्सिसिलिन, क्लॉक्सासिलिन, सेफॅलेक्सिन यांचा उपयोग नाही. अमॉक्सिसिलिनबरोबर क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असलेली गोळीही चालत नाही. ते आम्ल फक्त पेनिसिलिनेजला रोखतं आणि इथे अडचण पेनिसिलिनेजची नाही. सेफ्टारोलीनसारखी एखाददुसरीच बीटा-लॅक्टम औषधं पीबीपी-२एची मिटलेली खाच उघडून आत शिरू शकतात. व्हँकोमायसिन चालतं, कारण ते एन्झाइमच्या वाटेला जातच नाही. ते थेट शेपटीच्या टोकावरच्या डी-अ‍ॅलॅनीनच्या जोडीवर जाऊन बसतं.

अहवालात सेफॉक्सिटिन सेन्सिटिव्ह आलं, तर गोष्ट उलटी होते. अशा स्टॅफिलोकॉकसच्या रक्तातल्या संसर्गात सेफॅझोलिनसारखं बीटा-लॅक्टम औषध व्हँकोमायसिनपेक्षा सरस ठरतं. म्हणून मोठं गळू किंवा रक्तात संसर्गाची शंका असेल आणि डॉक्टरांनी तपासणी सांगितली असेल, तर पू किंवा रक्ताचा नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्या. घरात उरलेल्या पाकिटातल्या दोन गोळ्या घेऊन गेलात, तर थाळीवर जंतू कदाचित उगवणार नाही आणि मग कोणतं औषध लागू पडेल हे कुणालाच सांगता येणार नाही.