सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी हॉटेलला पत्र

आज एका पत्राबद्दल बोलू या. इंदूरची एक मुलगी हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला जयपूरच्या एका मोठ्या हॉटेलात सहा महिने इंटर्नशिप करायची आहे. तिनं पाठवण्याआधी पत्र मला दाखवलं. त्यात लिहिलं होतं की मी मेहनती आहे, लवकर शिकते, मला या क्षेत्राची खूप आवड आहे, जूनपासून सहा महिने मी उपलब्ध आहे आणि कोणत्याही विभागात काम करायला तयार आहे.

यात खोटं काहीच नव्हतं. पण मी बरीच वर्षं हॉटेलच्या ट्रेनिंग विभागात अशीच पत्रं वाचत आले, आणि असं पत्र मी बाजूला ठेवलं असतं. का, ते सांगते.

पत्र वाचणाऱ्या माणसासमोर एक तक्ता असतो. किचन, सर्व्हिस, हाउसकीपिंग आणि फ्रंट ऑफिस असे चार मुख्य विभाग, आणि प्रत्येकात कोणत्या आठवड्यात किती ट्रेनी आहेत, ते त्यात भरलेलं असतं. तुमचं पत्र वाचताना तो त्या तक्त्यात रिकामी जागा शोधतो. 'जूनपासून' म्हणजे एक तारीख की वीस? 'सहा महिने' म्हणजे कोणत्या दिवसापर्यंत? हे कळलं नाही तर तुमचं नाव कुठल्याही चौकटीत बसत नाही. मग ज्याच्या पत्रात तारखा आहेत, त्याचं नाव आधी लिहिलं जातं.

यात माझाही हात एकदा पोळलाय. एका मुलानं पत्रात 'डिसेंबरपर्यंत' लिहिलं होतं आणि मीही पुढं काही विचारलं नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर तो म्हणाला, "मॅडम, सोमवारपासून प्रॅक्टिकल परीक्षा आहे." आपल्याकडे तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, तशी राजस्थानात देवउठनी एकादशीनंतर होते. बँक्वेटमध्ये एकेका संध्याकाळी शेकडो पानं, आणि आमचा एक हात कमी. त्याचं नुकसान तर जास्तच झालं. आठवडे कमी भरले म्हणून कॉलेजनं ते ट्रेनिंग पूर्ण धरलं नाही, आणि उरलेले आठवडे त्याला सुट्टीत दुसरीकडे भरावे लागले.

म्हणून त्या मुलीला मी आधी कॉलेजचं वेळापत्रक आणायला सांगितलं. १ जून ते ३० नोव्हेंबर हे १८३ दिवस होतात, म्हणजे २६ आठवडे आणि एक दिवस. आठवड्याची एक सुट्टी धरली तर साधारण १५६ दिवस काम. मध्ये ऑगस्टमध्ये तीन दिवस तोंडी परीक्षा होती. ती म्हणाली, "हे लिहिलं तर घेणार नाहीत." मी म्हटलं, लिहीच. आधी कळलेले तीन दिवस तक्त्यात सहज बसतात, आदल्या दिवशी कळलेला एक दिवसही बसत नाही.

मग कौशल्यांकडे वळलो. 'लवकर शिकते' हे हॉटेलला तपासता येत नाही. तिला विचारलं, हातानं काय केलंयस ते सांग. हळूहळू बाहेर आलं. कॉलेजच्या किचनमध्ये पाच जणांच्या गटानं ८० माणसांचं जेवण केलं होतं, त्यात भाजी चिरण्यापासून ग्रेव्हीपर्यंतचं काम तिच्याकडे होतं. खोली एकटीनं तयार करायला तिला ४५ मिनिटं लागतात. हा आकडा लिहायला ती लाजत होती, कारण हॉटेलचा रूम अटेंडंट एका शिफ्टमध्ये साधारण १४ ते १६ खोल्या करतो. पण ट्रेनीकडून तो वेग कुणी मागत नाही. ४५ मिनिटं वाचून मला कळतं की हिनं खरंच घड्याळ लावून काम केलंय. हिंदी, मराठी, इंग्रजी तिन्ही ती नीट बोलते. जयपूरला महाराष्ट्रातून आणि गुजरातेतून दिवाळीत कितीतरी पर्यटक येतात, तेव्हा फ्रंट ऑफिसला मराठी बोलणारी मुलगी हवीच असते.

पत्र इंग्रजीतच पाठवायचं, पण मजकूर आधी आपल्या भाषेत ठरवला की पोकळ वाक्यं आपोआप गळतात. आम्ही ठरवलेलं पत्र असं:

प्रति,
ट्रेनिंग मॅनेजर

विषय: १ जून ते ३० नोव्हेंबर, २६ आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी अर्ज

महोदय,

मी इंदूर येथे हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षात शिकते. अभ्यासक्रमानुसार मला चारही मुख्य विभागांत काम करायचे आहे. आपल्या सोयीनुसार क्रम बदलता येईल. शक्य असल्यास किचनमध्ये आठ आठवडे व इतर तीन विभागांत प्रत्येकी सहा आठवडे मिळावेत, ही विनंती.

कॉलेजच्या किचनमध्ये मी पाच जणांच्या गटात ८० जणांचे जेवण तयार केले आहे. मूलभूत कट्स, स्टॉक व ग्रेव्ही मला येतात. ट्रेनिंग रेस्टॉरंटमध्ये ऑर्डर घेणे, केओटी लिहिणे व सर्व्हिस करणे हे एक सत्र केले आहे. खोली एकटीने तयार करण्यास मला ४५ मिनिटे लागतात. फ्रंट ऑफिसचे काम फक्त वर्गात शिकले आहे.

ब्रेक शिफ्ट, शनिवार-रविवार व दिवाळीत काम करण्याची तयारी आहे. ऑगस्टमध्ये ७ ते ९ तारखेस परीक्षेसाठी रजा लागेल. जयपूरमध्ये नातेवाइकांकडे राहण्याची सोय आहे. रात्री उशिराच्या शिफ्टनंतर घरी सोडण्याची व्यवस्था असते का, हे कृपया कळवावे.

सोबत कॉलेजचे परवानगीपत्र, एक पानी बायोडेटा व वैद्यकीय प्रमाणपत्र जोडले आहे.

आपली विश्वासू

यातल्या दोन वाक्यांवर ती अडली होती. एक, 'फक्त वर्गात शिकले आहे.' मला वाटतं, या वाक्यामुळे बाकीची वाक्यं खरी वाटतात. शिवाय रिसेप्शनला पहिल्या दिवशी तिला एकटीला उभं करायचं नाही, हे हॉटेलला कळतं. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. अशा कामात नवख्याची चूक महागात पडते. दुसरं, रात्री घरी सोडण्याचा प्रश्न. ब्रेक शिफ्ट म्हणजे दुपारचं जेवण आटोपून सुटायचं आणि संध्याकाळी परत येऊन रात्री अकरा-बारापर्यंत थांबायचं. हे विचारल्यानं कुणी नाकारत नाही. आणि कुणी नाकारलंच, तर जयपूरला पोचण्याआधी कळलेलं बरं.

वैद्यकीय प्रमाणपत्राचं कारण साधं आहे. अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडसारख्या आजारांची लस, हे अन्नसुरक्षेच्या नियमांत आहे. ते नसेल तर किचनचे आठवडे सुरूच होत नाहीत.

स्टायपेंडबद्दल पत्रात लिहू नका. रक्कम हॉटेलची ठरलेली असते. होकार आल्यावर ती विचारा, आणि ड्युटीवरचं जेवण, युनिफॉर्म, आठवड्याची सुट्टी हेही लेखी घ्या. बरोबर हेही विचारा की विभाग बदलण्याच्या तारखा कोण ठरवणार. काही ठिकाणी मुलं सहाही महिने बँक्वेटमध्ये प्लेट्स उचलत राहतात आणि लॉगबुकमध्ये तीन विभागांची पानं कोरी राहतात. तुमच्या पत्रात आठ आणि सहा आठवडे लिहिलेले असतील, तर आठवण करून द्यायला तुमच्या हातात कागद असतो.

तिनं पत्र मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाठवलं, म्हणजे जवळजवळ तीन महिने आधी. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर फोन करायचा, असं ठरलंय. दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान, कारण सकाळी चेकआउटची गर्दी असते आणि संध्याकाळी रेस्टॉरंटची तयारी.